दार एकदम बंद केलं की उलट दिशेने जाणारी लाट: ८ सेंमी की ५४ सेंमी?

प्रश्न: आयताकृती काँक्रीटचा कालवा, रुंदी ५ मी, पाण्याची खोली १.६ मी, वेग १.२५ मी/से. खालच्या टोकाचं दार एकदम पूर्ण बंद केलं तर पाणी किती चढेल? वेग शून्य होतो म्हणून मी V²/2g एवढी उंची वाढेल असं धरलं, ८ सेंमी आले. दिलेलं उत्तर मात्र ५४ सेंमी आहे. ऊर्जा अक्षय्य असते ना? आणि ‘लाटेबरोबर चालणारा निरीक्षक’ हे नाटक कशासाठी? काठ नेहमीच्या पाण्यापेक्षा ६० सेंमी उंच आहेत, म्हणजे ५४ सेंमी धरले तरी चालून जाईल, बरोबर?

उत्तर:

५४ सेंमी बरोबर आहे, ८ चूक आहे, आणि ६० सेंमीचा काठ पुरणार नाही. तुमची पहिली चूक तुम्हाला वाटते तशी ऊर्जेच्या नियमात नाही. तुम्ही जिथे उभं राहून तो नियम लावलात, ती जागा चुकली. काठाचा मुद्दा वेगळा आहे. त्याला शेवटी येतो, कारण प्रत्यक्षात अडचण तिथेच होते.

आधी दार पडल्यावर काय घडतं ते पाहू. दाराला चिकटलेलं पाणी थांबतं. पण दहा मीटर वरच्या पाण्याला याची काहीच खबर नसते, ते आपलं १.२५ मीटरच्या वेगाने येतच राहतं. रुंदीच्या दर मीटरमागे सेकंदाला २ घनमीटर पाणी येतंय आणि पुढे जायला वाट नाही. मग ते थांबलेल्या पाण्याच्या मागे रचलं जातं. थांबलेल्या उंच पाण्याची आणि चालत्या कमी खोलीच्या पाण्याची सीमा म्हणजे लाटेचं तोंड, आणि ते तोंड वरच्या बाजूला सरकत राहतं. लाट उलट जाते म्हणजे पाणी उलट जातं असं नाही, हे मनात पक्कं करा. पाणी फक्त थांबतं. उलट जाते ती थांबण्याची बातमी.

आता काठावर एका जागी उभे राहा. समोर खोली १.६ मी आहे. काही वेळाने तोंड तुमच्यासमोरून जातं आणि खोली एकदम वाढते. म्हणजे तुमच्यासमोरचा प्रवाह वेळेनुसार बदलतो आहे. तुमचं V²/2g ज्यातून येतं ते बर्नुलीचं समीकरण आपण ज्या रूपात रोज वापरतो, ते स्थिर प्रवाहासाठी आहे. दोन्ही छेदांवर वेळेनुसार काहीच बदलत नाही, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. इथे ते गृहीतकच मोडतं. ‘आलं तेवढं गेलं’ हे साधं सातत्यही मोडतं, कारण २ घनमीटर आले आणि शून्य गेले.

आता त्याच काठावरून लाटेच्या तोंडाबरोबर, तेवढ्याच वेगाने वरच्या दिशेने धावायला लागा. हा वेग c मानू, आणि काठावरून मोजलेली खोली व वेग तोंडाच्या पुढे y1, V1 आणि मागे y2, V2 मानू. धावताना बाजूला पाहिलंत तर तोंड तुमच्या शेजारी जागच्या जागी उभं दिसतं. पुढून १.६ मी खोलीचं पाणी V1 + c वेगाने तुमच्याकडे येतं. काठाच्या दृष्टीने थांबलेलं मागचं पाणी तुमच्या दृष्टीने c वेगाने मागे जातं. वेळेनुसार काहीच बदलत नाही. ही सरळ सरळ उभी असलेली हायड्रॉलिक जंप झाली, म्हणजे वेगवान उथळ पाणी एकदम खोल आणि संथ होण्याची जागा, आणि तिची समीकरणं तुम्हाला आधीच येतात. निरीक्षकाला धावायला लावायचं ते एवढ्यासाठीच. न्यूटनचे नियम स्थिर वेगाने चालणाऱ्या चौकटीत जसेच्या तसे लागू होतात. खोल्या आणि दाब तर चौकट बदलली तरी बदलत नाहीत. बदलतो फक्त वेग, आणि तोही प्रत्येक ठिकाणी सारखाच, c ने.

कंट्रोल व्हॉल्यूम, म्हणजे ज्याचा हिशोब मांडायचा तो पाण्याचा तुकडा, तोंडाभोवती अगदी आखूड घ्यायचा, तोंडाच्या थोडं पुढे ते थोडं मागे एवढाच. सातत्य असं येतं:

y1 (V1 + c) = y2 (V2 + c)

दार पूर्ण बंद आहे म्हणून V2 = 0, आणि त्यावरून

c = V1 y1 / (y2 − y1)

हे सूत्र धावत्या निरीक्षकाशिवायही पटतं. सेकंदाला c मीटर लांबीच्या पट्ट्यात खोली y2 − y1 ने वाढते, आणि ती भरणारं पाणी म्हणजे येणारा V1 y1.

संवेगासाठी दोन्ही बाजूंचा जलस्थैतिक दाब घ्यायचा. रुंदीच्या दर मीटरला, घनतेने भागून:

(g/2)(y2² − y1²) = y1 (V1 + c)(V1 − V2)

इथे बरेच जण अडखळतात आणि विचारतात, ‘दारावरचं बल कुठे गेलं? पाणी थांबवलं तर दारानेच ना?’ दार आपल्या कंट्रोल व्हॉल्यूममध्ये येतच नाही. ते बल मागच्या थांबलेल्या पाण्यातून दाबाच्या रूपाने तोंडापर्यंत पोचतं, आणि y2² असलेलं पद तेच आहे. तळाचं घर्षण आणि उतार सोडून देता येतात, कारण आपला तुकडा आखूड आहे. जिथे तुकडा लांब घ्यावा लागतो तिथे ही सूट मिळत नाही, तेही पुढे येईल.

चिन्हांबद्दल एक सूचना. वरचं दार एकदम उघडल्यावर खाली जाणाऱ्या लाटेसाठी V − c येतं, आणि पुस्तकात ते सूत्र बहुधा आधी असतं. तेच इथे चिकटवलं की गडबड होते. सूत्र पाठ करण्यापेक्षा दर वेळी ‘मी लाटेबरोबर धावतोय, समोरचं पाणी माझ्याकडे किती वेगाने येतंय?’ एवढं स्वतःला विचारा. उत्तर आपोआप V1 + c येईल.

आता आकडे घालू. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. सातत्य वापरून संवेगाची उजवी बाजू y2 c V1 अशी लिहिली की हिशोब सोपा होतो. पहिला अंदाज लहान लाटेच्या सूत्रातून घ्यावा:

y2 − y1 ≈ V1 √(y1/g) = 1.25 × 0.404 = 0.505 m

म्हणजे उत्तर २.१ मीटरच्या जवळपास असणार. y2 = 2.10 धरून पाहा. c = 2/0.5 = 4.0 येतो. डावी बाजू 4.905 × (4.41 − 2.56) = 9.07 आणि उजवी 2.10 × 4.0 × 1.25 = 10.5. डावी कमी पडते, म्हणजे खोली वाढवायला हवी. y2 = 2.15 धरलं तर c = 3.64, डावी 10.12, उजवी 9.77. आता डावी जास्त झाली. उत्तर या दोघांच्या मध्ये आहे. y2 = 2.14 वर c = 3.70 आणि दोन्ही बाजू 9.91. जमलं.

तर पाणी ०.५४ मीटरने चढतं आणि लाट सेकंदाला ३.७० मीटर वेगाने वर जाते. उत्तर बरोबर आहे का हे कसं ओळखायचं? धावत्या निरीक्षकाला समोरचा प्रवाह अतिक्रांतिक दिसला पाहिजे आणि मागचा उपक्रांतिक, म्हणजे फ्राउड अंक, वेग भागिले √(g y), समोर १ च्या वर आणि मागे १ च्या खाली. समोर 4.95/√(9.81 × 1.6) म्हणजे फ्राउड अंक १.२५. मागे 3.70/√(9.81 × 2.14) म्हणजे ०.८१. ठीक आहे. काठावरून मोजलेला मूळ प्रवाहाचा फ्राउड अंक मात्र ०.३२ आहे. तो पाहून ‘प्रवाह उपक्रांतिक आहे, जंप कशी येईल?’ असं विचारू नका. जंपसाठी जो अंक लागतो तो धावत्या चौकटीतला.

आता तुमचा ऊर्जेचा प्रश्न. मला तो आवडतो, कारण ‘जंपमध्ये ऊर्जा वाया जाते म्हणून बर्नुली चालत नाही’ असं ठोकळेबाज उत्तर इथे सर्रास दिलं जातं, आणि या उदाहरणात ते साफ दिशाभूल करणारं आहे. धावत्या चौकटीत विशिष्ट ऊर्जा काढून पाहा. समोर 1.6 + 4.954²/19.62 = 2.851 मी. मागे 2.14 + 3.704²/19.62 = 2.839 मी. फरक जेमतेम १.२ सेंमी. एवढीशी ऊर्जा वाया जाऊन ८ चे ५४ होत नाहीत. उलट गंमत अशी की धावत्या चौकटीत संवेगाऐवजी हट्टाने ऊर्जेचंच समीकरण लावलं, व्यय शून्य धरला, तर पाणी ५४.६ सेंमी चढतं असं उत्तर येतं. संवेगापेक्षा फक्त अर्धा सेंटीमीटर जास्त. म्हणजे नियम कोणताही लावा, चौकट बरोबर असेल तर उत्तर जवळपास बरोबर येतं. काठावर उभं राहून लावलात तर साफ चुकतं. (लाट मोठी असेल तर व्यय वाढतो आणि संवेगच लावावा लागतो, म्हणून सवय संवेगाचीच ठेवा.)

मग काठावरून पाहिलं तर ५४ सेंमी चढवायची ऊर्जा आली कुठून? हिशोब मांडू. रुंदीच्या दर मीटरला, दर सेकंदाला ३.७० मीटर लांबीच्या पट्ट्यात खोली १.६ वरून २.१४ होते. त्यासाठी स्थितिज ऊर्जा वाढते ती साधारण ३६,७०० ज्यूलने. त्याच पट्ट्यातलं आधीचं पाणी थांबल्यामुळे गतिज ऊर्जा मिळते फक्त ४,६०० ज्यूल. बाकीची कुठून? मागून येणाऱ्या पाण्याकडून. ते २ घनमीटर पाणी आपली स्थितिज ऊर्जा घेऊन आत शिरतं, आणि त्याच्या मागचं पाणी त्याला दाबाने आत ढकलतं. या दोन्ही मिळून सुमारे ३१,४०० ज्यूल. शिवाय आत येणाऱ्या पाण्याची स्वतःची गतिज ऊर्जा सुमारे १,६०० ज्यूल. बेरीज ३७,६००. त्यातले ३६,७०० पाणी उचलण्यात गेले, उरलेले सुमारे ९०० ज्यूल तोंडाच्या खळबळीत. ऊर्जा अक्षय्यच आहे. तुम्ही फक्त थांबणाऱ्या पाण्याची जमा धरलीत आणि मागून ढकलणाऱ्या पाण्याची जमा, जी त्याच्या कितीतरी पट आहे, वहीत मांडलीच नाही.

संवेगाचा ताळाही काठावर उभं राहून घेता येतो, आणि विद्यार्थ्यांचा विश्वास बसतो तो यानेच. सेकंदाला ३.७० मीटर लांबीचं पाणी १.२५ वेगावरून शून्यावर आलं, त्याचा संवेग 3.704 × 1.6 × 1000 × 1.25 म्हणजे ७,४०८. शिवाय बाहेरून आत आलेलं २ घनमीटर पाणीही थांबलं, त्याचा २,५००. एकूण ९,९०८ न्यूटन. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक 4905 × (4.5796 − 2.56), म्हणजे ९,९०६ न्यूटन. दोन न्यूटनांचा फरक राहतो तो आकडे जवळच्या अंकापर्यंत धरल्याचा. तेव्हा धावता निरीक्षक ही सक्ती नाही, सोय आहे. काठावरूनही उत्तर येतं, फक्त साठ्यातला बदल विसरायचा नाही. आणि माणूस तो नेमका विसरतो.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या फ्ल्यूममध्ये मी हे बऱ्याचदा दाखवलं आहे. खोली १० सेंमी, वेग ०.३ मी/से ठेवायचा, काचेवर मार्करने रेघ मारायची आणि दार पाडण्याआधी सगळ्यांना अंदाज सांगायला लावायचा. V²/2g धरणारे अर्धा सेंटीमीटर म्हणतात. दार पडतं आणि पाणी ३.२ सेंमी वर जाऊन थांबतं. पहिल्या खेपेला मला स्वतःला खटकलं ते वेगळंच. दारापाशी पाणी रेघेच्या तीन-सव्वातीन सेंमी वर होतं, हिशोबाप्रमाणेच. पण फ्ल्यूमच्या दुसऱ्या टोकाजवळ काचेवर ओला डाग रेघेपासून साडेपाच सेंमीपर्यंत गेलेला. वाटलं पट्टी चुकली. पट्टी बरोबर होती. लाट जसजशी वर गेली तसतसं तिचं तोंड सरळ पायरीसारखं न राहता त्याच्या मागे एकामागून एक गुळगुळीत वळ्या उमटल्या, आणि पहिली वळी सगळ्यांत उंच होती.

तुमच्या काठाचा मुद्दा नेमका इथे येतो. धावत्या चौकटीतला फ्राउड अंक साधारण १.३ च्या खाली असेल तर लाटेचं तोंड फेसाळत फुटत नाही, नागमोडी होतं. स्विस अभियंता आंरी फाव्र यांनी अशा लाटांवर पद्धतशीर प्रयोग करून ते १९३५ साली प्रसिद्ध केले, म्हणून या वळ्यांना फाव्र लाटा म्हणतात. सातत्य आणि संवेग या दोघांतून मिळणारी y2 ही वळ्यांची सरासरी खोली असते. पहिला माथा तिच्या बराच वर जातो. साधारण अंदाजासाठी पहिल्या वळीला त्याच वेगाने जाणारी एकटी लाट मानायचं. मग माथ्यावरची खोली येते

(V1 + c)²/g = 4.954²/9.81 = 2.50 m

म्हणजे मूळ पाण्यापेक्षा ०.९० मीटर वर. प्रयोगांत तर पहिला माथा सरासरी चढाच्या जवळपास दुप्पट गेलेला दिसतो, आणि हे माथे फुटायला लागण्याच्या जरा आधी घडतं. तुमचा १.२५ हा अंक त्याच भागात येतो. दुप्पट म्हणजे १.०८ मीटर. तुमचा काठ ०.६० मीटरवर आहे. सरासरी पातळीचा विचार केला तर ६ सेंमी शिल्लक दिसतात, पण पहिली वळी किमान ३० सेंमी काठावरून जाईल. समलंब छेदाच्या कालव्यात तिरक्या बाजूंवर पाणी मध्यापेक्षा आणखी वर चढतं, तिथे तर जास्तच सांभाळावं लागतं. त्या छेदासाठी सूत्रात खोलीऐवजी क्षेत्रफळ आणि y²/2 ऐवजी क्षेत्रफळ गुणिले गुरुत्वमध्याची खोली घ्यायची, बाकी रीत तीच.

माथा वाढायला अंतर लागतं. खोलीच्या काही दसपट अंतर गेल्यावर वळ्या नीट उमटतात. म्हणून दाराजवळची मोजपट्टी पाहून ‘सगळं ठीक आहे’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या जागेवर खरंच ठीक असतं. काठ ओलांडून पाणी गेल्याच्या खुणा पाहायच्या तर दारापासून दूर, वरच्या बाजूला जाऊन पाहा. वेग तपासायचा असेल तर १०० मीटर अंतरावर दोन माणसं घड्याळ घेऊन उभी करा. आपल्या उदाहरणात लाट २७ सेकंदांत पोचली पाहिजे. पुष्कळजण लाटेचा वेग √(g y1) − V1 म्हणजे २.७१ धरून ३७ सेकंद थांबतात. तो वेग अगदी बारीक तरंगाचा झाला, अर्ध्या मीटरच्या लाटेचा नाही.

‘मग दार सावकाश बंद करू’ असं लगेच मनात येतं. बरोबर आहे, पण किती सावकाश हे पाहावं लागतं. दार हळूहळू बंद होताना एक मोठी लाट न निघता छोट्या छोट्या तरंगांची रांग निघते. पहिला तरंग मूळ प्रवाहाविरुद्ध २.७१ मी/से ने वर जातो. दार पूर्ण बंद होताना निघालेला शेवटचा तरंग थांबलेल्या, जास्त खोल पाण्यातून जातो, त्याचा वेग √(9.81 × 2.14), म्हणजे ४.५८. मागचा पुढच्याला गाठणारच. बंद करायला T सेकंद लागले तर ते

x = 2.71 t = 4.58 (t − T)

वरून साधारण 6.6 T मीटरवर एकत्र येतात. दार एका मिनिटात बंद केलं तर ४०० मीटरवर पुन्हा उभ्या तोंडाची लाट तयार. दहा मिनिटं घेतली तर चार किलोमीटरवर. घर्षण सोडलं तर तिची उंची जवळपास तीच असते. म्हणजे लांब कालव्यात दार थोडं सावकाश बंद केल्याने लाट टळत नाही, ती फक्त तुमच्या नजरेपासून दूर तयार होते. खरा फायदा होतो तो कालवा आखूड असेल आणि वरच्या टोकाला मोठा जलाशय असेल तर. लाट जलाशयापर्यंत जाते, तिथून पातळी उतरवणारी लाट परत येते, आणि ती दाराशी पोचेपर्यंत दार अजून बंद होत असेल तर चढ खरोखर कमी होतो. ३ किलोमीटरच्या कालव्यात वर जायला साडेतेरा मिनिटं आणि परत यायला अकरा, म्हणजे जवळपास पंचवीस मिनिटं. यापेक्षा कमी वेळात बंद केलेलं दार, चढाच्या उंचीपुरतं, एकदम बंद केल्यासारखंच.

अर्धवट बंद केलं तर V2 शून्य राहत नाही, वरची दोन्ही समीकरणं तशीच लागू होतात, फक्त दारातून जाणारं पाणी हे तिसरं समीकरण जोडावं लागतं. दारासमोरची खोली वाढली की त्यातून जाणारं पाणीही वाढतं, म्हणून V2 आधीच ठरवून टाकू नका, y2 बरोबर तोही बदलत न्या.

शेवटची मर्यादा, वर कबूल केलेली. आपला हिशोब सपाट तळाचा होता. या कालव्यात १.२५ चा वेग राखायला, काँक्रीटच्या खडबडीतपणासाठी मॅनिंगचा n ०.०१५ धरला तर, उतार साधारण २,७५० ला १ लागतो, म्हणजे किलोमीटरला ३६ सेंमी. लाट एक किलोमीटर वर गेली की तिथला तळ दाराजवळच्या तळापेक्षा ३६ सेंमी उंच असतो. तोंडापाशी पाणी त्या उंच तळावर चढलेलं, आणि मागचं पाणी थांबलेलं, म्हणजे त्याला पातळी जवळपास आडवी करावी लागते. घर्षणाने लाट वाटेत थोडी बसते, तरीही दाराजवळची पातळी २.१४ वर थांबत नाही. लाट केव्हाच नजरेआड झालेली असते, वर कुठेच खळबळ दिसत नाही, आणि दाराच्या मोजपट्टीवर पाणी संथपणे सेंटीमीटर-सेंटीमीटरने चढतच असतं. ती पट्टी पाच मिनिटं पाहून घरी जाऊ नका. लाट वरच्या टोकाला पोचून तिचा परतीचा परिणाम दारापर्यंत येईपर्यंत तिथेच थांबा, आणि त्या वेळातला सर्वांत वरचा आकडा लिहून घ्या.